किटलीच्या झाकणाची फट

ताईने एकोणीस वर्षं विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीच्या दुकानात काढली. दुकान बंद झालं, तेव्हापासून ती घरातल्या टेबलावर नव्या वस्तू उघडून त्यांचे व्हिडिओ करते. हात अजून तसाच तरबेज, पण जिवाला म्हणून स्वस्थता नाही.

या वेळी किटली होती. खोकं उघडण्यापासून पाणी उकळेपर्यंतच्या चौदा क्लिप्स तिने ओळीने जोडल्या आणि धाकट्या बहिणीला दाखवल्या. बहिणीचे कान आजारपणात गेलेले; ती ओठ वाचून बोलते. दीड मिनिट पाहून तिने फोन खाली ठेवला.

"छान आहे ग. मागवते मी."

ताईला झाकण आठवलं. झाकण नीट दाबलं नाही तर वाफ स्विचपर्यंत पोचत नाही आणि किटली आपोआप बंद होत नाही. चाचणीत पाणी चार मिनिटं उकळतच राहिलं होतं. हे तिने सांगितलं होतं, पण सातव्या मिनिटाला, तेही नुसतं तोंडाने.

"मागवू नकोस," ती बहिणीकडे तोंड करून सावकाश म्हणाली. "आधी मला हे सगळं उलटंपालटं करू दे."

ती खोलीत दोनदा येरझारा घालून आली. मग पाठकोऱ्या कागदावर क्रम लिहिला: घ्यावी का, झाकणाची खोट, खोक्यात काय काय, रोजचा वापर, कोणी घेऊ नये. चिकटपट्टी कापण्याची दोन मिनिटं तिने आठ सेकंदांवर आणली. 'किटली कंपनीने फुकट दिली आहे' ही ओळ सुरुवातीलाच टाकली. झाकणाच्या जवळून घेतलेल्या क्लिपवर पाटी लिहिली: 'टक् आवाज येईपर्यंत दाबा.'

बहीण पुन्हा पाहायला बसली. पाटी येताच हसली.

"टक् मला काय कामाचं, ताई? मला दिसेल असं काहीतरी सांग."

ताई ओशाळली. क्लिप मागे-पुढे सरकवत दोघी डोळे ताणून बसल्या. झाकण अर्धवट बसलं की कडेला केसाएवढी फट राहत होती. तिथेच ताईने चित्र थांबवलं, फटीकडे बाण काढला आणि लिहिलं: 'फट दिसली? पुन्हा दाबा.' ओळ आधी झाकणावरच आली, म्हणून खाली सरकवली. बहिणीने ती दोनदा वाचून मान हलवेपर्यंत पाटी पडद्यावर ठेवली.

संध्याकाळी ताईने व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. पहिलीच प्रतिक्रिया आली, 'सुरुवातीलाच रडगाणं कशाला?' ताई चिडली, उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. तासाभराने एका बाईने लिहिलं, 'माझ्या आईची किटली आत्ता तपासली. फट होती.'

ताईने फोन बहिणीपुढे धरला.

बहीण म्हणाली, "मग मी दुसरी बघते. बंद झाली की दिवा विझणारी."

"विझतो की नाही, ते आधी मी पाहीन," ताई म्हणाली आणि कागदाची दुसरी बाजूही भरलेली पाहून नवा कागद शोधायला उठली.