तांबे सरांचं लोणचं आणि माझी आपट्याची पानं

दीड महिना झाला. पवईत एका फ्लॅटची मापं घेत होतो आणि टेपचं दुसरं टोक भिंतीला लावलेलं असतानाच फोन वाजला. अनघाचा होता, तांबे सरांच्या मुलीचा. "महेशदादा, बाबा गेले... सकाळी. झोपेतच." टेप हातातून सुटली आणि सर्रकन आत गेली. त्या आवाजासरशी मला एकच गोष्ट आठवली, आणि ती दुःखाची नव्हती, लाजेची होती. ती आता सांगायलाच हवी.

तांबे सर मुलुंडच्या एका शाळेत भूमिती शिकवायचे. माझ्याकडे ते गिऱ्हाईक म्हणून आले, त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, गेल्यानंतर वर्षभराने. घाटकोपरला माझं आणि माझी बायको वैशाली हिचं छोटंसं इंटिरिअरचं ऑफिस आहे. सरांना स्वयंपाकघर नवीन करून हवं होतं, कारण आता स्वतःच रांधायचं होतं. मी आराखडा काढला, कोपऱ्यातलं वाळवी लागलेलं जुनं लाकडी फडताळ काढून भंगारात द्यायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलं. सरांनी प्रत्येक पानावर सही केली. उभा जन्म पोरांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणण्यात घालवलेल्या माणसाने एकही पान वाचलं नव्हतं. काम चालू असताना ते अनघाकडे बोरिवलीला होते. परत आले ते थेट स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच ओरडले, "फडताळ कुठाय?"

फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला काकूंनी पेन्सिलने लोणच्याची, मेतकुटाची, भाजणीची प्रमाणं लिहून ठेवली होती. घरात काकूंचं दुसरं अक्षर उरलं नव्हतं. सर रडले नाहीत, संतापले. सोसायटीच्या ग्रुपवर (कामापुरतं मलाही त्यात घेतलं होतं) त्यांनी माझं नाव घालून लिहिलं, 'या माणसाला घरात घेऊ नका.' त्याच इमारतीत माझी आणखी दोन कामं ठरायची होती, माझंही डोकं फिरलं. मी त्यांच्या सहीच्या पानाचा फोटो त्याच ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'कृपया पान तीन पाहावे.' कागदावर मी शंभर टक्के बरोबर होतो.

फडताळाला खरोखर वाळवी होती हेही दाखवावं, म्हणून मी मापाच्या दिवशीचे फोटो उघडले. आमच्या धंद्यात तोडायच्या प्रत्येक वस्तूचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवतात. त्यात उघड्या दाराचा फोटो होता... काकूंच्या अक्षरासकट, ओळ न् ओळ वाचता येईल असा. मग आठवलं, त्या दिवशी मी ते अक्षर पाहिलं होतं. 'सरांना विचारायला हवं' असं मनात आलंही होतं, आणि तेवढ्यात प्लंबर आला होता. मी तो फोटो बंद केला. तो दाखवणं म्हणजे 'मी पाहिलं होतं' हे कबूल करणं होतं. वैशालीलाही सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात गणपती आले आणि मी आणखी एक गाढवपणा केला. ऑफिसच्या नावाची शुभेच्छांची तयार चित्रं आम्ही दरवर्षी सगळ्या गिऱ्हाइकांना एकगठ्ठा पाठवतो, ती सरांनाही गेली. खाली आमचा फोन नंबर आणि 'आपल्या स्वप्नातलं घर'. सरांचं उत्तर आलं, 'मला यादीतून काढा.'

वैशालीने कपाळाला हात लावला. "अरे, तो माणूस घर मोडल्यासारखा बसलाय आणि तू त्याला जाहिरात पाठवतोस? दसऱ्याला नीट कर. मी सांगते तसं." मी लांबलचक मजकूर लिहिला होता. तिने 'अनवधानाने मन दुखावले असल्यास' खोडलं. "असल्यास काय? दुखावलंयच ना! आणि सण आहे, त्यात कामाचा क सुद्धा नको. ऑफिसचं नाव नको. ग्रुपवर तर मुळीच नको, भांडण चारचौघांत झालं म्हणून गोडवा पण चारचौघांत दाखवायचा नसतो. त्यांना नाही म्हणायला जागा ठेव." शेवटी आदल्या दिवशी फक्त सरांना गेलं ते एवढंच: 'सर, उद्या दसरा. संध्याकाळी सोनं द्यायला येईन म्हणतो, पाच मिनिटंच. सोयीचं नसेल तर पानं वॉचमनकडे ठेवून जाईन. महेश.' उत्तर आलं नाही. "नाही म्हणाले नाहीत ना? मग जा," वैशाली म्हणाली. "आणि विषय तू काढू नकोस. उद्या फक्त सण. बाकीचं नंतर, सवडीने, पण स्वतःहून बोल."

सरांनी दार उघडलं, आत या म्हणाले नाहीत. मी उंबऱ्याबाहेरच वाकून नमस्कार केला, आपट्याची पानं त्यांच्या हातात दिली. दसऱ्याचं सोनं कोणी परत करत नाही. सर पानांकडे बघत राहिले, मग म्हणाले, "हिला दसऱ्याची फार आवड होती. दारी आलेल्या कोणालाही रिकामं पाठवायची नाही." आणि थोड्या वेळाने, "चहा टाकतो. साखर किती?" त्या नव्या ओट्यापाशी आम्ही उभ्यानेच चहा प्यायलो. फडताळाचा शब्द दोघांनीही काढला नाही. दोन दिवसांनी ग्रुपवरचा मजकूर त्यांनी स्वतः पुसला.

नंतर तीन दसरे गेलो. आमची चक्क मैत्री झाली. माझ्या मुलीला त्यांनी भूमिती शिकवली, माझ्या आराखड्यांतल्या चुका काढल्या. पण वैशालीचं 'नंतर' मी कधीच पाळलं नाही. आणि दरवर्षी पानं घेऊन गेलो की सर बरणी पुढे करायचे. "बघ रे, यंदाही बुरशी आली. कैरी तीच, मोहरी तीच. मिठाचं काहीतरी चुकतंय. तिचं काय प्रमाण होतं, आठवतच नाही." प्रमाण माझ्या खिशातल्या फोनमध्ये होतं. प्रत्येक वेळी वाटायचं, आत्ता सांगावं... आणि मी म्हणायचो, "सर, हवा दमट असते ना आपल्याकडे." इतकं सुरळीत चाललेलं का मोडा, असं स्वतःला समजावायचो. खरं तर भ्यायलो होतो. सणाने आम्हाला बोलतं केलं, आणि मी त्याच सणाआड लपून बसलो.

तेराव्यानंतर अनघाने घरी बोलावलं. मीच केलेल्या कपाटाचं दार तिने उघडलं. आतल्या पांढऱ्या सनमायकावर सरांनी पेन्सिलने, भूमितीतल्या सुबक अक्षरात, काकूंचं लोणचं आठवून लिहिलं होतं. कैरीच्या फोडी चार वाट्या. मोहरीची डाळ अर्धी वाटी. मीठ... आणि पुढे मोकळी जागा. बाजूला चिकटपट्टीने लावलेली आपट्याची चार पानं होती, प्रत्येकाखाली साल. मी तिथेच फोन काढला आणि अनघाला फोटो दाखवला. सगळं सांगितलं. मापाचा दिवस, प्लंबर, ग्रुपवरचं पान तीन, सगळं.

तिने बोटांनी फोटो मोठा केला आणि आईचं अक्षर हळूहळू वाचलं. "मीठ पाऊण वाटी, भाजून. पाव वाटी तिसऱ्या दिवशी." फोन तिने माझ्या हातात परत दिला. मग म्हणाली, "चार वर्षं पानं आणलीत, दादा. त्यातल्या एका दसऱ्याला हे आणलं असतंत तर..."

कपाटात सरांची छोटी पेन्सिल दोरीने बांधलेली होती. मी ती मोकळी जागा भरू का, असं विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली आणि कपाटाचं दार लावून घेतलं.