आठपैकी पाच

निवृत्त झाले तरी तपासायला कागद येतातच. शेजारच्या पोरांचे, भाचरांचे, भिशीतल्या बायकांच्या नातवंडांचे. मी चष्मा लावते आणि पहिला प्रश्न विचारते, कितवीचा आहे आणि किती मार्कांचा? एवढं कळलं की माझा लाल पेन आपोआप चालतो. बोर्डाचे पेपर वर्षानुवर्षं तपासलेत, उगाच नाही.

त्या दुपारी आलेल्या बाईने मात्र मला अडवलं. तिशी ओलांडलेली, केसांत टॉवेलचा बारीक कापूस अडकलेला. माझ्या जुन्या शाळेच्या क्लार्कने पाठवलं म्हणाली. हातात रेघांचा एकच कागद. वर शीर्षक, ‘माझा कामाचा दिवस’. नाव नाही, इयत्ता नाही, गुण नाहीत.

"मार्क द्या की बाई."

"कितवीचा निबंध आहे?"

"ते न्हाय सांगणार."

"मग किती मार्कांचा?"

"ते मला म्हाईत न्हाय. तुमी द्या."

मी वैतागले. इयत्तेशिवाय तपासायचं म्हणजे माप न घेता ब्लाउज शिवायचा. चौथीच्या पोराने लिहिलं तर पाठ थोपटावी आणि बारावीच्याने लिहिलं तर कान उपटावा, असा मजकूर असतो. तसं मी तिला सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणूनच सांगत न्हाय. सांगितलं की मार्क बदलत्यात."

तिचं खरं होतं, म्हणूनच मला राग आला. मी निबंध वाचला आणि सवयीने दहावीचा धरला. दहावीला निबंधाला आठ गुण. मी पाच दिले. समासात नुसता ५ लिहून भोवती गोल काढला, कारण बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत आम्ही तेवढंच लिहितो. कितीपैकी ते प्रश्नपत्रिकेवर छापलेलं असतं. तिने तो आकडा पाहिला, कागदाची घडी घातली, "बरं" म्हणाली आणि गेली. ब्याद टळली म्हणून मी चहा टाकला.

तिसऱ्या दिवशी क्लार्कचा फोन आला. "बाई, त्या बाईला तुम्ही काय सांगितलंत?" ती सतरा नंबरचा फॉर्म भरणार होती, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणार होती. सातवीत सुटलेली शाळा. लिहिता येतंय का हे आधी कुणाकडून तरी नीट तपासून घ्यायचं, मगच भरायचा, असं तिने ठरवलं होतं. आणि काल येऊन कागदपत्रांची यादी परत देऊन गेली. "पास व्हायला पस्तीस लागत्यात, मला पाच पडले," म्हणाली. फॉर्मची मुदत उद्यापर्यंत होती.

मी खुर्चीत बसले. लाज वाटली, सरळ सांगते. आयुष्यभर पोरांना ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणून ओरडले आणि स्वतः अर्धं उत्तर लिहून मोकळी झाले. मग मात्र उठले. चूक माझी होती, निस्तरायला दुसरं कोण जाणार?

ती काम करते तो टॉवेलचा कारखाना कुठे, ते निबंधातच वाचलं होतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, पाण्याच्या टाकीसमोर. रिक्षा केली. आत यंत्रमागांचा असा खडखडाट की माझा वर्गातला आवाजही तिथे फिका पडला. ती टॉवेलच्या कडा शिवत होती. मी तिच्या मशीनवर पडलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहिलं, ‘आठपैकी पाच. तू पास आहेस.’

तिने वाचलं आणि मला बाहेर नेलं. मला वाटलं, रडेल. छे.

"क्लार्कसायबांनी सांगितलं व्हय, मी फॉर्म भरणार न्हाय म्हणून?"

"हो."

"म्हंजे आता दया आली. आठ मागनं ठरवलं तुमी."

मला पुन्हा राग आला, पण या वेळी तिच्यावर नाही, स्वतःवर. तिला खोटं नको होतं, एवढंच. मी म्हणाले, "कागद आहे?" पोलक्यातून तिने घडी काढली. फेकला नव्हता.

"हे बघ," मी बोट ठेवून सांगितलं. "मधल्या चार ओळी गाइडातल्या आहेत. कारखान्यात तू असा विचार करत नाहीस. एक गुण गेला. अख्ख्या पानात एक पूर्णविराम नाही, दुसरा गेला. आणि शेवटच नाही. सुट्टी झाली, सायकल काढली आणि निबंध संपला. घरी पोचलीस का नाही? तिसरा गेला. पाच उरले. मी कुणाला अर्धासुद्धा जास्तीचा देत नाही, हवं तर शाळेत विचार."

तिने गाइडातल्या ओळींवर बोट ठेवलं. कान लाल झाले होते.

"ह्या ओळी माझ्या पोरीच्या पुस्तकातनं घेतल्या," ती म्हणाली. "कळलं व्हय तुमाला?"

"लगेच."

तिने कागद पुन्हा पोलक्यात ठेवला. "कापलेत म्हंजे पाच खरे हायत," ती म्हणाली आणि सुपरवायझरकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागायला आत गेली.