गालावरची थप्पड

सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. उभा जन्म वॉर्डात गेला. निवृत्त झाल्यावर तिने आठवणी लिहिल्या आणि छापायला देण्याआधी थोरल्या भावाला वाचायला दिल्या. दादाने लाल पेनाने एकच प्रसंग खोडला. नर्सिंगला जाते म्हणाली, तेव्हा त्याने तिला मारलेली थप्पड.

"जिवंत माणसांची अब्रू चव्हाट्यावर मांडतेस?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याचा मार खाऊन 'जिन्यावरून पडले' सांगणाऱ्या पेशंटचं पान त्याने तसंच ठेवलं होतं. ती पेशंट म्हणजे वहिनी. नाव नव्हतं, म्हणून याला स्वतःची बायको ओळखू आली नाही!

ते पान घेऊन ती तरातरा वहिनीकडे गेली.

"नाव नाहीये गं," वहिनी म्हणाली, "पण भुवईवरचे टाके आहेत, शिवणाचा क्लास आहे. क्लासातल्या मुली लगेच ओळखतील. नको."

"त्याला मोकळा सोडू?"

"मला सोड. सांगायचं तेव्हा मी सांगेन."

सिस्टरने राग गिळला. नुसते टाके आणि क्लास काढून भागणार नव्हतं, कारण पुढे वहिनीच्या त्याच दिवसांतल्या आजारपणाचा नावानिशी उल्लेख होता आणि दोन्ही जोडून कुणालाही अंदाज आला असता. तिने पानही काढलं, उल्लेखही.

"माझं खोडलंस ना?" एक पान कमी झालेलं पाहून दादाने विचारलं.

"नाही. गाल माझा होता. थप्पड राहणार."

"मग काढलंस काय?"

"जे तुला वाचूनही दिसलं नाही, ते."