नडगीवरच्या डागाचे पाच साचे

जो माणूस अडतीस वर्षे औषधांच्या दुकानात फळीमागे उभा राहून प्रत्येक गिऱ्हाइकाला “पंधरा दिवसांत बरं वाटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा” असे बजावत आला, त्याने स्वतःच्या डाव्या नडगीवरच्या डागाला साडेतीन वर्षांची मुदत का द्यावी? हा प्रश्न नाना अंगांनी तपासूनही त्याचे उत्तर हाती लागलेले नाही. हाती लागले ते एवढेच: शिवणयंत्राच्या खणात एकाच टाचणीने टोचून ठेवलेले पाच कागद आणि त्या कागदांमागचे एक भांडण.

औषधवाल्याला सारी गल्ली ‘मलमकाका’ म्हणत असे. ही पदवी त्यांनी कष्टाने मिळवली होती. कोणी खोकल्याची बाटली मागायला आला, तरी जाताना त्याच्या हातात निदान भेगांची एक ट्यूब असायचीच. गोळी पोटात गेली की तिने काय केले ते दिसत नाही, मलम मात्र डोळ्यांसमोर राबते, असा त्यांचा सिद्धान्त होता. ट्यूब मधून दाबणाऱ्या माणसाबद्दल त्यांचे मत वाईट असे. असा माणूस संसारात टिकत नाही, असे ते खासगीत सांगत. त्यांची स्वतःची पत्नी ट्यूब मधूनच दाबत असे आणि संसार एकतीस वर्षे टिकला होता, हा अपवाद त्यांनी सिद्धान्ताच्या बाहेर ठेवला होता.

पत्नी शिवणकाम करीत. दुकानाच्या मागच्याच खोलीत त्यांचे यंत्र, बेतायचे टेबल आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेले कागदी साचे. त्यांच्या लेखी जगात दोनच गोष्टी विश्वासार्ह होत्या: फूटपट्टी आणि धारदार कात्री. प्रत्येक साच्यावर मापाची तारीख घालायची त्यांची शिस्त होती, कारण गिऱ्हाईक जाड होते आणि दोष शिंपिणीला देते.

डाग पहिल्यांदा दिसला तो २०१४च्या सुरुवातीला. शर्टाच्या बटणाएवढा, लालसर, सपाट, वर पातळ खवले. दुखणे नाही, खाज असून नसल्यासारखी. मलमकाकांनी चष्मा कपाळावर चढवला, पाय स्टुलावर ठेवला आणि स्वतःला “इसब आहे” असे कळवले. इसबाचे मलम लावले. आठवड्यात लाली फिकटली, खवले गेले. दहाव्या दिवशी त्यांनी पत्नीला नडगी अभिमानाने दाखवली. विसाव्या दिवशी खवले परत आले, तेव्हा मात्र पँट खालीच राहिली.

मग त्यांनी निदान बदलले. इसब नसेल तर गजकर्ण असणार, गजकर्णाचे मलम. त्याने काही झाले नाही, तेव्हा दोन्ही आणि वर जंतुनाशक, असे तिन्ही एकत्र असलेले. येथे त्यांच्या नियमाची गंमत ध्यानात घ्यावी लागते. पंधरा दिवसांचा नियम त्यांनी एकदाही मोडला नाही. नवी ट्यूब उघडली की पंधरा दिवस नव्याने सुरू होत, एवढेच. प्रत्येक मलमाला संधी मिळालीच पाहिजे, अशी त्यांची न्यायबुद्धी होती. अशा सतरा मलमांना त्यांनी आळीपाळीने, पुन्हा पुन्हा न्याय दिला.

मलमाने पँटींना डाग पडू लागले, तेव्हा पत्नीने त्यांना मऊ सुती कापडाचे एक आच्छादन शिवून दिले: बरोबर डागाएवढे, कडेने अगदी अरुंद पट्टी, मागे दोन बंद. हे बेतण्यासाठी त्यांनी डागावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने कड गिरवली. कड इतकी स्पष्ट होती की हात कुठे अडखळला नाही. साच्यावर त्यांनी लिहिले: ‘नडगी, डावी’, आणि खाली तारीख.

आठ-नऊ महिन्यांनी आच्छादन अपुरे पडू लागले. डागाची कड पट्टीखालून डोकावू लागली. भांडणाला येथून तोंड फुटले.

“कापड आटलंय,” मलमकाकांनी निकाल दिला.

पत्नीचे म्हणणे असे, की आपण कापड भिजवून, वाळवूनच बेततो, लग्नाच्या आधीपासून. मग कात्री चुकली असेल, असे काका म्हणाले. त्यानंतर दोन दिवस त्या खोलीत फक्त यंत्र बोलत होते. शेवटी दुसरा साचा निघाला, दुसरे आच्छादन शिवले गेले. मग तिसरे. चौथ्या वेळी काकांनी पाण्याला दोष दिला, साबण बदलायला लावला, आणि आपल्याच दुकानातून कपडे मऊ करणारे एक द्रव्य आणले, जे लावल्यावर कापड इतके मऊ झाले की बंद गळून पडले. दोन वर्षांहून अधिक काळ हे घर डागाबद्दल नव्हे, कापडाबद्दल भांडत होते.

२०१७च्या ऑगस्टमध्ये पाचवा साचा काढताना काका सवयीने म्हणाले, की या वेळी जरा नीट काप. पत्नीने पेन्सिल खाली ठेवली. उठून त्यांनी खिळ्यावरचे जुने चारही साचे काढले, पाचवा त्यांत घातला आणि सगळे एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर उजेडासमोर धरले. सगळ्यांत लहान तो सगळ्यांत जुना. त्याच्याभोवती दुसरा, त्याच्याभोवती तिसरा. पाचवा कोटाच्या मोठ्या बटणाहूनही मोठा होता. आकाराची वळणे तीच, एका बाजूचा फुगवटाही तोच, फक्त प्रत्येक कड आधीच्या कडेबाहेर सरकलेली.

“कापड आटतं,” त्या म्हणाल्या. “कागद आटत नाही.”

काकांनी पाय सुजला असेल अशी शेवटची तक्रार नोंदवली. पत्नीने फीत काढून पोटरी मोजली. माप जुन्या पायजम्याच्या मापाला तंतोतंत उतरले. मग काकांच्या लक्षात आले की इतक्या वर्षांत डाग फिकट झाला होता, मऊ झाला होता, चमकला होता. गेला मात्र एकदाही नव्हता. ते स्टुलावर बसून राहिले. पत्नीच्या कात्रीची माफी मागावी की पायाची काळजी करावी, हे त्यांना ठरवता येईना. पत्नीनेच विचारले, “अहो, हे तसलं तर काही नसेल ना?” तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. काकांनीही नाही.

त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नंबर यायला तास लागला. काकांच्या मांडीवर सतरा ट्यूबांची पिशवी होती आणि स्वभावाला औषध नसते. शेजारच्या गृहस्थाच्या कोपराला, समोरच्या आजींच्या टाचांना आणि कशासाठी आले हेही न सांगितलेल्या एका तरुणाला त्यांनी मलमे सुचवली. परिचारिकेने शेवटी शांतपणे विचारले, “काका, तुम्ही पेशंट आहात की आत डॉक्टरांच्या खुर्चीत बसायचंय?”

आत डॉक्टरबाईंनी पिशवी टेबलावर ओतली आणि ट्यूबा ओळीने लावल्या. नडगी भिंगातून पाहिली, थोडे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली घातले, बुरशी नव्हती. डागाभोवतीची त्वचा मात्र मलमांनी कागदासारखी पातळ केली होती. मग पत्नीने पर्समधून पाच साचे काढले. डॉक्टरबाईंनी ते बराच वेळ पाहिले.

“इतका नीट इतिहास मला कुणी दिलेला नाही,” त्या म्हणाल्या. “काका, इसब सहसा येतं-जातं, खाजवून हैराण करतं, बऱ्याचदा दोन्ही पायांवर असतं, आणि त्याची कड विरत जाते. हा एकटाच आहे, कड आखून दिल्यासारखी, आणि तीन वर्षांत एकदाही मागे आलेला नाही.”

“पण मलमानं फिकट व्हायचा.”

“तिथंच फसगत होते. दिसायला दोन्ही सारखेच, लाल आणि खवलेदार. मलमानं वरची लाली उतरते, खवले मऊ होऊन निघतात, माणूस म्हणतो गुण आला. खालच्या पेशींना त्याचा पत्ताही नसतो. नुसत्या डोळ्यांनी मीही खात्री देणार नाही. तुकडा काढून बघू.”

जागा बधिर करून तुकडा काढला, एक टाका घातला. पत्नीने वाकून टाका पाहिला आणि दोरा किंचित जास्त ओढला गेल्याचे नम्रपणे निदर्शनास आणले. डॉक्टरबाईंनी ते मान्य केले.

अहवाल यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मलमकाकांनी एकही मलम खपवले नाही. भेगा घेऊन आलेली गिऱ्हाइके रिकाम्या हाताने परतली आणि गल्लीत काकांच्या प्रकृतीबद्दल अफवा पसरल्या. अहवालात तो शब्द होता. डॉक्टरबाईंनी तो स्वच्छ उच्चारला, कर्करोग, आणि लगेच पुढचेही सांगितले: त्वचेच्या सगळ्यांत वरच्या थरापुरताच. त्या थरात तळापासून माथ्यापर्यंत पेशी बिघडल्या होत्या.

पत्नीने विचारले, “बाई, अस्तर फाटलंय का?”

“नाही. थराखालचा पडदा शाबूत आहे. एकही पेशी खाली उतरलेली दिसत नाही. असाच सोडला, तर शंभरात तीन ते पाच जणांचा पुढे कधीतरी उतरतो. तो खरा घोर. तुम्ही त्याआधी आलात.”

हे नडगीवरच का, यावर त्यांनी काकांना तरुणपणाबद्दल विचारले. सायकलवरून औषधे पोचवत ते बारा वर्षे हाफपँटमध्ये उन्हातून हिंडले होते. ऊन हे एक कारण असू शकते, असे त्या म्हणाल्या. मग उपायांकडे वळल्या. गोठवता येईल, खरवडता येईल, कापून काढता येईल. पण नडगीची जखम भरायला वेळ घेते. म्हणून आधी, बिघडलेल्या पेशींनाच मारणारे एक मलम.

“मलम,” काका म्हणाले, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा ताठ बसले. घरी येईपर्यंत त्यांनी पत्नीला तीनदा सांगितले की मुळात आपली दिशा बरोबरच होती.

हे अठरावे मलम त्यांच्या दुकानात नव्हते. अडतीस वर्षांत प्रथमच ते दुसऱ्याच्या औषधांच्या दुकानात, फळीच्या उलट्या बाजूला उभे राहिले. तिथल्या दुकानदाराने ट्यूब कागदात गुंडाळली, लावून झाल्यावर हात धुवायला सांगितले आणि सवयीने पुढे म्हणाला, “पंधरा दिवसांत बरं वाटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा हं, काका.” काकांनी त्याच्याकडे असे पाहिले की तो घाबरून मागे सरला.

पंधरा दिवसांत बरे वाटले नाहीच. नडगी लालबुंद झाली, पाझरली, तिच्यावर खपल्या धरल्या. असेच व्हायचे आहे, असे डॉक्टरबाईंनी आधीच बजावले होते. घट्ट काही बांधायचे नाही, हेही. तरी सोळाव्या दिवशी काकांनी ट्यूब बदलायचा विषय काढला. पत्नीने सतरा जुन्या ट्यूबांची पिशवी शिवणयंत्राच्या खणात टाकून खणाला कुलूप लावले आणि चार आठवडे पुरे होईपर्यंत अठरावे मलम सकाळ-संध्याकाळ हातमोजा घालून स्वतः लावले, मधून दाबून. काकांनी एकदाही हरकत घेतली नाही. त्यानंतर महिनाभरात खपल्या गळाल्या. एका दुपारी पत्नीने नडगीवर पातळ कागद ठेवला, पेन्सिल हातात घेतली, आणि गिरवायला कडच सापडली नाही. कोऱ्या कागदावर त्यांनी नुसती तारीख घातली.

आता मलमकाका गिऱ्हाइकाला पंधरा दिवसांची मुदत सांगतात आणि वर जोडतात, “ट्यूब बदलली तरी दिवस पहिल्यापासूनच मोजायचे.” कोणाच्या अंगावर एकटा, रेघ मारल्यासारख्या कडेचा डाग असला, तर त्याला ते ट्यूब देतच नाहीत, मागच्या खोलीत पाठवतात. तिथून तो कागदाचा एक तुकडा, त्यावरची तारीख आणि डॉक्टरबाईंचा पत्ता घेऊन बाहेर पडतो.

कापडाबद्दलची माफी मागितली गेल्याची नोंद कुठेही नाही.

जून २०२२मधल्या तपासणीत डाव्या नडगीवर एक फिकट वण होता, डाग नव्हता.