पाठवलेले पैसे, न आलेले पैसे

कोथरूडला आमची गुलाबाच्या कलमांची नर्सरी होती. तेव्हा तिथे शेतं होती, सोसायट्या नंतर उगवल्या. अजून कुठे ओल्या गवताचा वास आला की मला ते दिवस आठवतात.

एकदा विदर्भातल्या एका मास्तरांनी दोनशे कलमं मागवली. आमचा नियम साधा होता, पैसे खात्यात जमा झाले की माल सुटणार. कलमं ओल्या गवतात बांधून सावलीत ठेवली, आणि पैशांचा पत्ता नाही. मास्तरांचं पत्र मात्र आलं: टीटीनं पैसे कधीच पाठवले, माल का नाही?

टीटी म्हणजे बँकेनं तारेनं पाठवलेले पैसे. ते कसले अडकतायत! मी म्हटलं, "अहो, थापा आहेत सगळ्या! चांगलं खरमरीत लिहा."

आमच्या ह्यांनी चष्मा पुसून कागद ओढला. मग लिहिलं: 'आपण पैसे पाठवले असतील; आमच्या खात्यात ते आलेले नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. टीटीचा नंबर, तारीख, रक्कम आणि पाठवणारी शाखा कळवावी. कलमं आपल्या नावानं राखून ठेवली आहेत, रोज पाणी देत आहोत.'

"पाणी कोण देतंय? मी!" मी फणकारले. त्यांनी हसून पाकीट चिकटवलं.

नंबर आला. तो घेऊन हे आमच्या शाखेत गेले. तिथल्या साहेबांनी शहरातल्या मुख्य शाखेला फोन लावला. मास्तरांनी अर्जात नुसतं 'पुणे' लिहिलं होतं, म्हणून पैसे मुख्य शाखेत गेले. तिथे आमचं खातंच नाही, म्हणून बाजूला काढून ठेवलेले. दुसऱ्या दिवशी जमा झाले आणि कलमं रवाना झाली.

पुढे मास्तर पुण्यात आले तेव्हा मुद्दाम भेटायला आले. चहा घेताना म्हणाले, "पैसे बायकोनं साठवलेले होते. मी ते उडवले असंच तिला वाटत होतं, आठवडाभर बोलत नव्हती. तुमचं पत्र वाचून दाखवलं, तेव्हा कुठे ताट वाढलं." हे माझ्याकडे बघून मिश्किल हसले. मी उठून आणखी चहा टाकला.

आता हे नाहीत. छोटी नर्सरी सून चालवते, शहराबाहेर. परवा एका गिऱ्हाइकानं पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट धाडला, खात्यात काही नाही. सून भडकली, "आई, फेक असणार हा!"

म्हटलं, लिही. 'आपण पैसे पाठवले असतील. आमच्या खात्यात ते आलेले नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला यूटीआर नंबर कळवावा. जमा होताच रोपं पाठवू, तोवर राखून ठेवतो.'

"एवढं गोडगोड कशाला?"

"अगं, त्याच्याही घरी माझ्यासारखी एखादी बसली असेल."