हे माणूस वाचतंय का?

दूध संघाच्या नगरच्या ऑफिसात मी बसते. गाई-म्हशींबद्दल काही विचारायचं असेल तर शेतकऱ्यांनी व्हॉट्सअॅपवर मेसेज करायचा, असा एक नंबर संघानं सुरू केला आणि तो माझ्याकडं आला. त्याआधी मी गावातल्या संकलन केंद्रावर दूध घ्यायचे, त्याची फॅट तपासायचे. तिथं समोर उभ्या माणसाला कधी विचारावं लागत नाही की तू माणूस आहेस का. इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला, की मी एका वहीत लिहून ठेवायला लागले. नक्की कोणत्या शब्दांत विचारलं, आणि मी काय उत्तर दिल्यावर पुढं काय झालं.

नंबरावर कुणी 'हॅलो' किंवा 'नमस्कार' टाकलं की पहिलं उत्तर मशीन देतं. 'आपले स्वागत आहे. आजारासाठी १, चाऱ्यासाठी २, कृत्रिम रेतनासाठी ३, इतर चौकशीसाठी ४ दाबा.' माणूस आकडा न टाकता काही भलतंच लिहितो, तेव्हा मशीन म्हणतं, 'आपला पर्याय समजला नाही.' दोनदा असं झालं की ते संभाषण माझ्या स्क्रीनवर येतं. म्हणजे माझ्यापर्यंत पोचेस्तोवर समोरचा दोनदा मशीनशी डोकं फोडून आलेला असतो. तरी साहेबांनी मला एक तयार वाक्य दिलं होतं, एका बटणावर जाणारं: 'होय, आमचे प्रतिनिधी आपल्या सेवेस हजर आहेत.' ते पाठवलं की लोक गप्प व्हायचे. एकानं लिहिलं, "ह्ये बी मशीनच हाय." त्याचं काही चुकलं नव्हतं.

मग मी आपलं वाक्य लिहायला लागले. "हो, मी माणूस आहे. बोला." बहुतेकांना तेवढं पुरायचं. मला वाटायचं, हा प्रश्न विचारणाऱ्याला माणूसच हवा असतो, दुसरं काय. आणि मग मिरजगावकडच्या एका बाईनं विचारलं.

सकाळचे साडेदहा वाजले होते. 'नमस्कार' आला. मशीननं पर्याय दिले. मग आलं, "ह्ये कुनी माणूस वाचतंय का?" मशीन म्हणालं, पर्याय समजला नाही. पुन्हा तेच आलं, "माणूस हाय का मशीन?" आणि संभाषण माझ्याकडं आलं. मी लगेच लिहिलं, "हो, मी माणूस आहे. बोला ना ताई."

निळ्या खुणा आल्या. वरच्या बाजूला 'टायपिंग' दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं, गेलं. दहा मिनिटं काहीच नाही.

मी दुसरी कामं करत होते पण डोळा तिकडंच. माणूस मिळाला तर ही थांबली का? शेवटी मी विचारलं, "मी माणूस आहे म्हटल्यावर अडचण झाली का?"

उत्तर चटकन आलं. "व्हय. मशीन असंल तर इचारीन म्हनत हुते."

हे माझ्या वहीत नव्हतं. तिला कुणीच वाचू नये असं वाटत होतं आणि मी मोठ्या आनंदानं तिला सांगितलं होतं की मी वाचतेय. पहिला विचार आला की म्हणावं, 'काही घाबरू नका, कुणाला कळणार नाही.' टायपही केलं होतं. मग खोडलं, कारण ते खरं नव्हतं. इथला प्रत्येक मेसेज साठतो. साहेब वाटलं तर उघडून बघतात. आणि मशीननं वाचला असता तरी तो साठलाच असता, हेही तिला ठाऊक नसणार.

म्हणून मी असं लिहिलं: "ताई, जे आहे ते सांगते. मी बाई आहे, संघात नोकरीला आहे. तुम्ही लिहाल ते मी वाचणार, आमचे साहेबही वाचू शकतात. मशीनला लिहिलं तरी ते इथंच राहतं. दूध खराब व्हायचं काही असेल तर मला केंद्राला कळवावं लागेल. आता विचारायचं का नाही ते तुम्ही ठरवा. घाई नाही."

पाठवल्यावर मला धाकधूक वाटली. एवढं सगळं सांगून आपण तिला घालवली, असं वाटलं. चहा आला, निवला.

मग मेसेज आला. "एका बाईची गाय हाय."

मी लिहिलं, "बरं. काय झालं त्या बाईच्या गाईला?"

"कास दगडी झाली. डॉक्टरनी एका सडात औषधाची ट्यूब सोडली. त्या बाईनं त्या सडाचं दूध काढून टाकलं. बाकी तीन सडांचं केंद्रावर घातलं. शेजारीन म्हनली तसं चालत न्हाई. खरं का?"

"खरं आहे. ट्यूब एका सडात सोडली तरी औषध रक्तातून बाकीच्या सडांत उतरतं. चारही सडांचं दूध टाकून द्यायचं. वासराला पण पाजायचं नाही. किती दिवस ते ट्यूबच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, नाहीतर डॉक्टरांना विचारायचं. दूध कधी घातलं?"

"आज सकाळी."

आज सकाळी घातलेलं दूध म्हणजे गावातल्या थंड टाकीत बाकीच्यांच्या दुधात मिसळलेलं. टँकर दुपारी दोनच्या सुमारास टाकी उपसून नेतो. अशा दुधाला विरजण लागत नाही, त्याचं दही होत नाही, आणि पिणाऱ्याच्या पोटात औषध जातं ते वेगळंच. मी तिला हे सगळं याच क्रमानं सांगितलं आणि लिहिलं, "टँकर यायच्या आत त्या बाईनं केंद्रावर जाऊन सांगितलं तर टाकी तपासता येईल. तिनं स्वतः सांगितलेलं बरं. बारापर्यंत मी थांबते. मग मला फोन करावा लागेल."

"तिला बोलतील का?"

"बोलतीलही. मी केंद्रावर होते तेव्हा मीपण बोलले असते. पण सांगायला आलेल्या बाईचं दूध कायमचं बंद केलेलं मी तरी बघितलं नाही."

मी घड्याळाकडं बघत बसले. बाराला पाच कमी असताना मी फोन हातात घेतला, तेवढ्यात केंद्रावरच्या माणसाचाच फोन ऑफिसात आला. एक बाई येऊन सांगून गेली, टाकीचा नमुना घेऊन औषध तपासायची पट्टी लावतोय, टँकर थांबवा. पट्टी दोनदा लावली. दोन्ही वेळा टाकी साफ निघाली. तेवढ्या दुधात तिचं थोडं दूध फार पातळ झालं असावं. टँकर उशिरा निघाला. ड्रायव्हर वैतागला होता म्हणे.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. "त्या बाईला पयले लई बोलले. मग म्हनले सांगितलं ते बरं केलं. आट दिस दूध घालू नको म्हनले."

"गाय कशी आहे?"

"माजी गाय बरी हाय," तिनं लिहिलं, आणि लगेच तो मेसेज खोडला. मी वाचला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगून मी मशीनचं पहिलं वाक्य बदलून घेतलं. आता ते सुरुवातीलाच सांगतं की हे उत्तर मशीनचं आहे, दहा ते सहा माणूस वाचतो आणि लिहिलेलं संघाकडं राहतं. साहेब म्हणाले, "एवढं वाचून लोक लिहायचेच थांबतील." काही थांबलेही असतील, मला कळायचा मार्ग नाही. पण आजही कुणीतरी नमस्कार करतो आणि लगेच विचारतो, माणूस आहे का? मी हो म्हणते, आणि मग विचारते, "माणूस हवा होता, का नको होता?"

काल एका आजोबांनी लिहिलं, "दोन्ही चालंल. फकस्त म्हशीचं ऐका."