चंपाने उलटा केलेला दगड

वाक्य आवळावं तर घोरावाडीच्या चंपानेच, असं मावळात कुणीही सांगेल. कोनशिला, देणगीचे फलक, समाधीचे दगड ती हाताने कोरते. मशीनने अक्षरं काढणारी दुकानं तळेगावात झाली तरी तिची छिन्नी थांबलेली नाही. लोक येतात ते चारपाच ओळींचा कागद घेऊन आणि दगड आणतात हातभर. मग चंपा पेन्सिल कानामागून काढते. "जे पाणी डोंगरावरून येते ते पाणी" असं लिहिलेलं असलं की फटकन काट मारून "डोंगरावरून येणारे पाणी" करते. 'जे' गेलं, 'ते' गेलं, दुसरं 'पाणी' गेलं! "दगडाला जो-तो परवडत नाही बाबा," ती म्हणते, आणि तसं म्हणताना तिची मान जरा ताठच होते. का होऊ नये? वडिलांच्या मागे छिन्नी हातात घेतली तेव्हा 'बाईमाणूस काय दगड फोडणार' म्हणणारे आज तिच्याच दारात उभे असतात.

तर त्या रविवारी सकाळी साडेआठला चंपा टेम्पोतून दगड घेऊन पवनेकाठच्या एका गावात उतरली. अकरा वाजता अभ्यासिकेचं उद्घाटन. कस्तुराबाईंनी स्वतःची पाच गुंठे जमीन गावच्या पोरांना बसून अभ्यास करायला दिली होती. जमीन कुणाच्या वाटणीची नव्हे हं! तुंगार्लीच्या बंगल्यांत तीस वर्षं स्वयंपाक करून या बाईने ती घेतलेली. अट एकच घातली: नाव सासऱ्यांचं, कोंडाजी आबांचं, द्यायचं. का, तर नव्या सुनेला चुलीपुढे बसवून अक्षरं गिरवायला शिकवणारा तो एकच माणूस त्या घरात होता.

कस्तुराबाईंनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं: "ज्या कस्तुराबाईंनी अभ्यासिकेला जमीन दिली त्यांचे सासरे कोंडाजी यांच्या स्मरणार्थ." चंपाने नेहमीसारखी पेन्सिल चालवली. वर मोठ्या अक्षरांत 'कोंडाजी अभ्यासिका' आणि खाली कोरलं:

"अभ्यासिकेला जमीन देणाऱ्या कस्तुराबाईंच्या सासऱ्यांच्या स्मरणार्थ."

काय सुबक बसलं होतं! टेम्पोवाल्याने आणि गवंड्याने दगड भिंतीला टेकवला तशी चंपाने ओल्या फडक्याने संगमरवर पुसला आणि मागे सरून डोळे भरून बघितलं.

तेवढ्यात श्रीपती आला. कस्तुराबाईंचा पुतण्या. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि आजचं सूत्रसंचालनही त्याच्याचकडे. त्याने दगड वाचला आणि खूश होऊन मांडीवर थाप मारली.

"झ्याक! चंपाताई, मनातलं लिव्हलंस बघ. जमीन देणाऱ्या सासऱ्यांच्या! मी लोकास्नी हेच सांगत हुतो. जमीन आबांची, काकूनं नुसती सही केली."

"अहो, देणाऱ्या कस्तुराबाई!" चंपा म्हणाली. "सासरे नव्हेत."

"कुटं लिव्हलंय तसं? वाच की. जमीन देणाऱ्या... कस्तुराबाईंच्या सासऱ्यांच्या. कुनी दिली? सासऱ्यांनी दिली."

चंपा हसणार होती. पण तिने दगड पुन्हा वाचला, त्याच्या चालीने, त्याच्या ठेक्यात. बसत होतं की हो! अगदी बिनचूक बसत होतं. 'देणारी कस्तुराबाई' म्हटलं की बाई दिसते, 'देणारा सासरा' म्हटलं की पुरुष दिसतो. पण पुढच्या शब्दाला 'च्या' लागला की बाई असो, पुरुष असो, दोघांच्याही अंगावर तेच 'देणाऱ्या'. कोण कुणाचं, पत्ताच लागत नाही. कस्तुराबाईंच्या कागदावर 'सासरे कोंडाजी यांच्या' असं होतं. तेवढं 'सासरे... यांच्या' जरी ठेवलं असतं तरी भागलं असतं. सासऱ्यांनी दिली असती तर 'देणारे सासरे' लिहावं लागलं असतं, आणि 'देणाऱ्या' बाईंपाशीच राहिलं असतं. पण नाही! चंपाबाईंना एक 'यांच्या' जड झाला होता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

"काय झालं गं?" कस्तुराबाई नव्या लुगड्याचा पदर सावरत आल्या. चंपाने सांगितलं, श्रीपतीने मध्येच हसून आपलंही सांगितलं. बाईंनी दगड एकदा वाचला, दुसऱ्यांदा ओठ हलवत वाचला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "आबांचंच नाव हाय न्हवं? मानसं काय, आज बोलत्याल, उद्या इसरत्याल."

"दगड नाही विसरत, मावशी!" चंपा ओरडलीच. "तुम्ही आणि मी जाऊ, मग हा एकटाच बोलत बसेल. आणि काय बोलेल? हे श्रीपतीभाऊ म्हणतात तेच!"

बाईंनी उगाच पदर सावरला. पण त्यांचा चेहरा असा उतरला की चंपाला बघवेना. तीस वर्षं दुसऱ्यांच्या भाकऱ्या थापल्या या बाईने, आणि त्याचं श्रेय आपल्या एका फटकाऱ्याने दुसऱ्याच्या पदरात! चंपाने घड्याळ बघितलं. पावणेनऊ. दगड अजून भिंतीत बसलेला नव्हता.

"पालथा करा!" ती गवंड्याला म्हणाली.

"आं?"

"अहो, पालथा करा म्हणते ना! मागची बाजू कोरीच आहे."

"पालिश न्हाई तितं," गवंडी म्हणाला.

"नसू दे. खोटं तर नाही ना?"

फुटलेला कोपरा दुरुस्त करायला म्हणून तिची हत्यारांची पिशवी कायम सोबत असतेच. तासाला नऊ अक्षरं, त्याहून जास्त कितीही जीव काढला तरी होणार नव्हती. म्हणजे अठरा-एकोणीस अक्षरं, बस्स. 'कोंडाजी अभ्यासिका' हे नाव दारावरच्या पाटीवर रंगवलेलं होतंच, ते इथे सोडलं तरी चालणार होतं. कस्तुराबाईंचं 'ज्या... त्यांचे'वालं वाक्य तर यात मावतच नव्हतं. चंपा पेन्सिल घेऊन उकिडवी बसली. लिहिलं, खोडलं. 'दिलेल्या' घालून बघितलं, तेही तसलंच दुतोंडी. परत खोडलं. कपाळावर घाम. आणि एकदम तिला कळलं, की कशाला ही एकात एक गुंतवागुंतवी? दोन गोष्टी सांगायच्यात तर दोन वाक्यं लिही की गं बये! तिने बोटांवर अक्षरं मोजली. आधीच्यापेक्षा कमीच भरली. ती मोठ्याने हसली, गवंडी दचकला.

मग काय सुटली छिन्नी! ठक ठक ठक. चुना उडावा तशी पांढरी पूड तिच्या केसांत, भुवयांत बसली. दहा वाजले, मांडववाले आले. साडेदहाला सरपंच सारिकाताई आल्या, त्यांना बाजूच्या घरी चहाला नेलं. श्रीपती दोनदा येऊन गेला. "ताई, आता काय चाललंय ह्ये?" "दुरुस्ती," चंपा म्हणाली आणि मान वर केली नाही. अकराला पाच मिनिटं असताना शेवटचा 'चे' उठला. जुनी बाजू भिंतीकडे करून गवंड्याने दगड बसवला, वर पडदा टाकला.

सारिकाताईंनी दोरी ओढली. टाळ्या वाजल्या. सूत्रसंचालक श्रीपती माइक घेऊन पुढे झाला, ठरवलेलं बोलायला तोंड उघडलं, आणि दगड बघून तसाच थांबला. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. वाचण्यावाचून इलाज नव्हता.

"जमीन दिली कस्तुराबाईंनी," तो पुटपुटला. "स्मरण कोंडाजींचे."

चंपा मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. आता काहीही वाचा म्हणावं, कुठल्याही ठेक्यात वाचा!

पहिल्या रांगेतून कस्तुराबाई उठल्या. भरल्या सभेत त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. पदर डोक्यावरून सरकला, तो त्यांनी सावरलाही नाही.

"शिरपती," त्या म्हणाल्या, "मोठ्यांदी वाच की रं. मागच्यास्नी ऐकू न्हाई गेलं."

श्रीपतीने माइक तोंडाजवळ घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.